सूरह हुमज़ा आणि सूरह फील: १४ आयतींत नून साकिन आणि मीम साकिनचे नियम

सूरह फातिहा ज्यांना चांगली पढता येते, त्यांची गाडी पुढच्या सूरतींत नेमकी कुठे अडते? बहुतेकदा नून साकिनपाशी. कारण फातिहात एकही तनवीन नाही आणि नून साकिन एकदाच येतो, ‘अन्अम्त’मध्ये. तोही स्वच्छ उच्चारायचा. इद्गाम, इख्फा, इक्लाब यांची गाठ फातिहात पडतच नाही. त्यामुळे ती तोंडपाठ असलेला माणूस ‘मिन् सिज्जील’ला आला की तिथेही तसाच खणखणीत ‘न्’ लावतो आणि हाफिजजी थांबवतात.

यावर माझा नेहमीचा उपाय म्हणजे अम्म पाऱ्यातल्या लागोपाठच्या दोन सूरती, हुमज़ा (१०४) आणि फील (१०५). नऊ आणि पाच मिळून १४ आयती होतात आणि नून साकिन व मीम साकिनचा प्रत्येक नियम त्यांत एकदा तरी येतो. दोन्ही छोट्या आहेत, बऱ्याच जणांना पाठही असतात. तेव्हा वेगळे तक्ते घोकण्यापेक्षा मुसहफ उघडा आणि बोट ठेवत चला.

एक खुलासा आधीच करतो. इथे आयतींचे तुकडे देवनागरीत दिले आहेत, ते फक्त जागा दाखवण्यापुरते. ज़ाल, ज़ा, ज़ाद आणि ज़ॉ या चार वेगळ्या अक्षरांना देवनागरीत एकच ‘ज़’ लिहावा लागतो. ऐनला तर जागाच नाही. पढायचं ते अरबी अक्षरांवरून आणि उस्तादांच्या तोंडून ऐकून. हे नियम आपल्याकडे सगळीकडे चालणाऱ्या हफ्सच्या रिवायतीचे आहेत.

आधी ओळखा

नून साकिन म्हणजे ज्या नूनवर जबर, जेर, पेश यांपैकी काहीच नाही असा नून. भारतात छापलेल्या मुसहफांत त्यावर जज़म असतो. सौदी छपाईत मात्र जज़मची खूण नून स्वच्छ पढायचा असेल तेव्हाच देतात आणि इद्गाम किंवा इख्फा असेल तर नून कोरा ठेवतात. त्या छपाईत कोरा नून दिसला की काहीतरी नियम आहे असं समजा.

तनवीन म्हणजे दोन जबर, दोन जेर, दोन पेश. लिहिताना नून नसतो, पण कानाला ऐकू येतो. म्हणून नून साकिनचे सगळे नियम तनवीनलाही जसेच्या तसे लागतात. फरक एवढाच की तनवीन शब्दाच्या शेवटीच येते, नून साकिन शब्दाच्या मध्येही येऊ शकतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. हे नियम पुढच्या अक्षरामुळे लागू होतात. तुम्ही थांबलात तर पुढचं अक्षरच उरत नाही. ‘तज़्लील’वर श्वास तोडला तर दोन जेर गळून जातात आणि नियमाचा प्रश्न मिटतो. तीच आयत पुढच्या ‘व अर्सल’ला जोडून पढलात तर तनवीनसमोर वाव येतो आणि इद्गाम करावा लागतो.

पुढचं अक्षर कोणतं?

अरबीतल्या २८ अक्षरांचे नूनच्या दृष्टीने चार गट पडतात. ते मी पुढच्या क्रमाने तपासायला सांगतो, कारण लहान गट आधी संपवले की मोठा गट आपोआप उरतो.

नूननंतर बा आहे का? असेल तर इक्लाब. हे एकच अक्षर.

या, रा, मीम, लाम, वाव, नून यांपैकी काही आहे का? असेल तर इद्गाम. ही सहा अक्षरं ‘यर्मलून’ या शब्दात बांधून लक्षात ठेवतात.

घशातून निघणाऱ्या सहा अक्षरांपैकी, म्हणजे हम्ज़ा, छोटी हा, ऐन, बडी हा, ग़ैन आणि ख़ा यांपैकी काही आहे का? असेल तर इजहार, म्हणजे नून स्वच्छ.

यांतलं काहीच नाही? मग इख्फा. उरलेली १५ अक्षरं सगळी त्यात. ती पाठ करण्याची गरज मला कधी वाटली नाही. वरची १३ पक्की असली की पुरतं.

हुमज़ा: इद्गामचे दोन प्रकार आणि इक्लाब

पहिली आयत, ‘वैलुन् लिकुल्लि हुमज़तिन् लुमज़ह’. दोन ठिकाणी तनवीननंतर लाम आहे. लाम आणि रा यांच्यासमोर नून पूर्ण नाहीसा होतो, त्याचा नाकातला आवाज, म्हणजे गुन्ना, तोही उरत नाही. पढायचं ‘वैलुल् लिकुल्लि हुमज़तिल् लुमज़ह’. लाम दुप्पट होतो, म्हणूनच छपाईत त्याच्यावर तशदीद दिसते. हा बिनगुन्न्याचा इद्गाम.

तो नीट झाला की नाही हे घरीच तपासता येतं. चिमटीत नाक धरून ‘वैलुल् लिकुल्लि’ म्हणा. आवाज जराही बदलता कामा नये. कोंडला, अडला, तर नाकातून काहीतरी निसटत होतं असं समजा. रोजच्या पढण्यातलं दुसरं उदाहरण सूरह इख्लासमध्ये आहे, ‘यकुल् लहू’. तिथे कित्येक जण सवयीने ‘यकुन् लहू’ म्हणतात.

ही आयत दुसरीला जोडून पढायची असेल तर वेगळाच प्रश्न येतो. दुसऱ्या आयतीची सुरुवात ‘अल्लज़ी’ने होते आणि जोडताना तिचा पहिला अलिफ गळतो. त्यामुळे तनवीनच्या नूनला जेर देऊन ‘लुमज़तिनिल्लज़ी’ पढतात. आपल्याकडच्या छपाईत तिथे एक छोटा नून काढलेला असतो, त्याला नून कुत्नी म्हणतात. नवख्याने पहिल्या आयतीवर थांबावं, ते सोपं पडतं.

दुसऱ्या आयतीत ‘मालन् व अद्ददह’ आहे. तनवीनसमोर वाव. या, नून, मीम, वाव या चार अक्षरांत नून मिसळतो, पण त्याचा गुन्ना मागे राहतो. जीभ नूनसाठी टाळूला लावायचीच नाही. ओठ थेट वावसाठी गोल करायचे आणि आवाज नाकातून दोन हरकती टिकवायचा: ‘मालंव् व अद्ददह’.

इथे मराठी बोलणाऱ्याला एक आयती मदत मिळते. ‘संवाद’ हा शब्द आपण बोलताना ‘सन्वाद’ म्हणत नाही. ‘संव्वाद’सारखा काहीतरी आवाज निघतो, जीभ टाळूला न लागता. ‘संयम’चंही तसंच, आपण ‘संय्यम’च्या जवळ जातो. वाव आणि या यांसमोरच्या इद्गामला जिभेची हीच ठेवण लागते. फक्त मराठीत हा आवाज झटकन संपतो, तिलावतीत तो थांबवून धरायचा असतो. सूरह ज़िल्ज़ालमधलं ‘ख़ैरंय् यरह’ असंच जमतं.

दोन हरकती म्हणजे किती? बोट मिटायला किंवा उघडायला साधारण लागतो तेवढा वेळ म्हणजे एक हरकत, असं शिकवतात. मला दुसरं माप जास्त भरवशाचं वाटतं. त्याच आयतीत ‘मालन्’मधला ‘मा’ आहे, साधा मद्द. तो दोन हरकतींचाच असतो. ‘मा’ला जेवढा वेळ दिलात तेवढाच पुढच्या गुन्न्याला द्या. तुम्ही सावकाश पढत असाल तर दोन्ही लांबतील, वेगात पढत असाल तर दोन्ही आखडतील, पण आपसात बरोबरीचे राहतील. शिकाऊ माणसाचा गुन्ना बहुतेकदा पहिल्या आयतीत लांबलचक आणि पाचव्या आयतीपर्यंत अर्धा झालेला असतो. ते या मापाने लगेच पकडता येतं.

इद्गामला एक अट आहे. नून एका शब्दाच्या शेवटी आणि यर्मलूनचं अक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला हवं. दोन्ही एकाच शब्दात असतील तर नून स्वच्छ पढतात. कुरआनात असे चारच शब्द आहेत: दुन्या, बुन्यान, किन्वान, सिन्वान. ‘दुन्या’ सतत येतो, त्यामुळे त्याकडे लक्ष असू द्या. शिवाय सूरह कियामहच्या २७व्या आयतीत ‘मन् राक़’ आहे. तिथे हफ्सच्या रिवायतीत नूनवर श्वास न तोडता क्षणभर थांबतात, म्हणून रा समोर असूनही इद्गाम होत नाही.

तिसऱ्या आयतीतल्या ‘अन्न’ या शब्दात नूनवर तशदीद आहे. हा आपला विषय नाही, पण तशदीदवाल्या नूनवर आणि मीमवर नेहमी गुन्ना असतो एवढं ध्यानात ठेवा.

चौथ्या आयतीत इक्लाब येतो, ‘लयुम्बज़न्न’. लिहिलेला नून आहे, पुढे बा आहे, आणि पढायचा मीम. छपाईत नूनवर बारीक मीम काढून दाखवलेला असतो. मराठी माणसाला नूनचा मीम करायला शिकवावं लागत नाही, कारण ‘आंबा’ आणि ‘तंबू’ म्हणताना आपण तेच करतो. चूक होते ती लांबीत. ‘आंबा’तला म आखूड असतो, त्याच सवयीने ‘लयुम्बज़न्न’ पटकन उरकलं जातं. ओठ हलकेच जुळवा, आवाज नाकात दोन हरकती धरा, मग बा उघडा. ओठ कचकन दाबले की गुन्ना घुसमटतो आणि बा फुटल्यासारखा येतो. सूरह बय्यिनहमध्ये ‘मिम् बअ्दि’ आहे. तिथे दोन वेगळ्या शब्दांतही हेच होतं.

इख्फा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

फीलच्या चौथ्या आयतीत ‘मिन् सिज्जील’ आहे. नूनसमोर सीन. सीन बा नाही, यर्मलूनमध्ये नाही, घशातला नाही. म्हणजे इख्फा.

इख्फात नून धड उच्चारायचा नसतो आणि सीनमध्ये विरघळवायचाही नसतो. तो या दोहोंच्या मध्ये राहतो. कृती अशी करा. ‘मि’ म्हणा. नूनसाठी जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकायला निघेल, ते टेकू देऊ नका. त्याऐवजी जीभ सीनच्या जागेजवळ नेऊन तयार ठेवा, पण सीन सुरू करू नका. त्या स्थितीत आवाज नाकातून दोन हरकती सोडा. मग सीन. पुढच्या सीनवर तशदीद येत नाही, तो एकेरीच राहतो. तो दुप्पट ऐकू आला तर तुम्ही इद्गाम केलात.

अक्षर बदललं की जिभेची तयारीही बदलते. सूरह फलकमध्ये ‘मिन् शर्रि’ आहे, तिथे जीभ शीनसाठी पसरते. पुढे फा असेल तर खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. पुढे काफ असेल तर जिभेची मागची बाजू उचलली जाते. नाकातून येणारा आवाज त्यामुळे दर वेळी थोडा वेगळा लागतो, आणि तसाच लागायला हवा. पुढे जाड अक्षर असेल, म्हणजे साद, ज़ाद, तॉ, ज़ॉ किंवा क़ाफ़, तर गुन्नाही जाड होतो. ‘मिन् क़ब्ल’ आणि ‘मिन् तह्तिहा’ लागोपाठ म्हणून बघा. पहिल्यात आवाज भरलेला आणि दुसऱ्यात बारीक ऐकू आला पाहिजे.

इथे चुका तीन प्रकारच्या होतात. पहिली, जीभ टेकते आणि साधा ‘न्’ निघतो. वर सांगितलेली नाकाची चाचणी इथे उलटी वापरा. नाक धरून ‘मिन् सिज्जील’ म्हणा. इख्फाच्या जागी आवाज कोंडायलाच हवा, कारण तो सगळा नाकातून यायचा आहे. पण चाचणीला मर्यादा आहे, साधा ‘न्’ही नाकातूनच येतो. त्यामुळे आवाज कोंडला तरी जीभ कुठे होती हे वेगळं तपासावं लागतं. गुन्ना धरून ठेवा आणि जिभेचं टोक दातांमागे चिकटलं आहे का ते जाणवून घ्या.

दुसरी चूक, गुन्ना लांबवण्याच्या नादात आधीचा स्वरच लांबतो. ‘मिन् सिज्जील’चं ‘मीं सिज्जील’ होतं. जेर एका हरकतीचा आहे, तो तेवढाच ठेवा, लांबी फक्त नाकातल्या आवाजाला द्या.

तिसरी चूक खास आपली, मराठी बोलणाऱ्यांची. वावसमोर जी सवय उपयोगी पडली तीच सीन-शीनसमोर घात करते. ‘संसार’, ‘हंस’, ‘अंश’ हे शब्द हळू बोलून पाहा. अनुस्वाराच्या जागी ओठ किंचित गोल होतात, ‘संव्सार’सारखं काहीतरी निघतं. तीच लकब ‘मिन् सिज्जील’मध्ये उतरली की ‘मिंव् सिज्जील’ होतं, आणि कुरआनच्या त्या शब्दात नसलेला वाव शिरतो. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलांत ही चूक मला क्वचित ऐकू येते, कोकणी-मराठी घरांतल्या मुलांत जास्त. आरशासमोर बसून पढा. गुन्ना चालू असताना ओठ हलले नाहीत तर ठीक.

मीम साकिन

मीमचं काम नूनपेक्षा खूपच हलकं आहे, पुढच्या अक्षरानुसार तीनच शक्यता.

पुढेही मीमच असेल तर दोन्ही एकजीव होतात आणि दोन हरकती गुन्ना येतो. हुमज़ाच्या आठव्या आयतीत ‘अलैहिम् मुअ्सदह’ असं आहे. ओठ एकदाच मिटतात आणि मिटलेलेच राहतात.

पुढे बा असेल तर मीमचा इख्फा. फीलमध्ये ‘तर्मीहिम् बिहिजारह’. आवाज इक्लाबसारखाच येतो, फक्त इथे मूळ अक्षरच मीम आहे. ओठ हलके जुळवायचे की त्यांत अगदी बारीक फट ठेवायची, यावर कारींमध्ये मतभेद आहेत आणि दोन्ही पद्धतींचे उस्ताद भेटतात. तुम्ही ज्यांच्याकडे शिकता त्यांचंच धरा. दाबून मिटायचे नाहीत, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

बाकी २६ अक्षरांसमोर मीम स्वच्छ, गुन्न्याशिवाय. त्यातही वाव आणि फा यांच्यापाशी सावध राहायला हवं, कारण दोन्ही ओठांशी निगडित आहेत आणि मीम त्यांत गिळला जातो. फातिहाच्या शेवटी ‘अलैहिम् वलज़्ज़ाल्लीन’ आहे. पुन्हा ‘संवाद’ची सवय आड येते आणि ‘अलैहिंव् वलज़्ज़ाल्लीन’ होतं. ओठ पूर्ण मिटा, उघडा, आणि मग वाव. मात्र मीमला हलकासा जबर चिकटू देऊ नका, ‘अलैहिम वलज़्ज़ाल्लीन’मध्ये म वर स्वर ऐकू आला तर तीही चूकच.

आता फील सलग

‘अलम् तर’: मीमनंतर ता, मीम स्वच्छ. दुसऱ्या आयतीत ‘अलम् यज्अल्’, तोही स्वच्छ. या समोर आहे म्हणून कित्येक जण गुन्ना करतात, पण यर्मलूनचा नियम नूनचा आहे, मीमचा नाही. मग ‘कैदहुम् फी’, मीमसमोर फा, ओठ नीट मिटून सोडा. ‘तज़्लील’वर थांबलात तर काही नाही.

तिसरी आयत: ‘अलैहिम् तैरन् अबाबील’. मीमसमोर तॉ, स्वच्छ. तनवीनसमोर हम्ज़ा, म्हणजे इजहार. नून स्पष्ट म्हणा आणि न रेंगाळता, न झटका देता हम्ज़ावर जा. नूननंतर छोटासा खंड पडतो तो टाळा.

चौथी आयत सगळ्यात भरगच्च आहे: ‘तर्मीहिम् बिहिजारतिन् मिन् सिज्जील’. आधी मीमसमोर बा, मीमचा इख्फा. मग तनवीनसमोर मीम, गुन्न्याचा इद्गाम, पढायचं ‘बिहिजारतिम् मिन्’. लगेच नूनसमोर सीन, इख्फा. एका श्वासात तीन गुन्ने येतात आणि तिन्ही सारख्या लांबीचे हवेत. पहिल्या दोन्हींत ओठ मिटलेले, तिसऱ्यात उघडे. ही आयत आधी तीन तुकड्यांत पढा, मग जोडा. अर्थात हे तुकडे फक्त सरावापुरते.

पाचवी: ‘फजअलहुम् कअस्फिन् मअ्कूल’. मीमसमोर काफ, स्वच्छ. तनवीनसमोर मीम, ‘कअस्फिम् मअ्कूल’, गुन्न्यासह.

स्वतः तपासून पाहा

फीलच्या लगेच पुढे सूरह कुरैश (१०६) आहे. तिची चौथी आयत: ‘अल्लज़ी अत्अमहुम् मिन् जूइन् व आमनहुम् मिन् ख़ौफ़’. मुसहफात बोट ठेवून पाच जागा शोधा, पढा, आणि मग पुढे वाचा.

‘अत्अमहुम् मिन्’: मीमसमोर मीम, इद्गाम, गुन्ना. ‘मिन् जूइन्’: नूनसमोर जीम, इख्फा. ‘जूइन् व’: तनवीनसमोर वाव, गुन्न्याचा इद्गाम, ‘जूइंव् व’. ‘आमनहुम् मिन्’: पुन्हा मीमचा इद्गाम. ‘मिन् ख़ौफ़’: नूनसमोर ख़ा, इजहार. लागोपाठ चार गुन्ने झाल्यावर जीभ पाचवाही करायला धावते. ख़ा घशातला आहे, तेव्हा इथे नून आखूड आणि स्वच्छ ठेवा.